फीत दोघींची सारखीच

ऐरोलीच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत सध्या मातीच्या सतरा पिशव्या आहेत, आणि घरातल्यांचं म्हणणं असं की यातली एकही कुंडीत जाणार नसेल तर त्या इथे का आहेत. प्रश्न बरोबर आहे. माझा धंदा म्हणजे लोकांच्या फार्महाऊसच्या, सोसायट्यांच्या, छोट्या शेतकऱ्यांच्या जमिनी बघायच्या, सॅम्पल काढायचे, लॅबला पाठवायचे आणि रिपोर्ट आल्यावर तो त्यांना मराठीत समजावून सांगायचा. या सगळ्यात लॅबच्या आधी एक काम हाताने करायचं असतं, ओल्या मातीचा गोळा करून बोटांनी तिचा पोत ओळखायचा. इंग्रजीत टेक्श्चर बाय फील म्हणतात. मला हे येतं असा माझा पंधरा वर्षं समज होता आणि तो बऱ्यापैकी खराही होता, फक्त एका जोडीपाशी मी कायम अंदाजपंचे ठोकत आलो होतो. क्ले लोम आणि सिल्टी क्ले लोम. मराठी पुस्तकी भाषेत चिकण पोयटा आणि गाळयुक्त चिकण पोयटा, पण फील्डवर असं बोलताना मी तरी कुणाला ऐकलेलं नाही.

पद्धत थोडक्यात सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हातात साधारण पंचवीस ग्रॅम माती घ्यायची, म्हणजे तळहाताच्या खळग्यात नीट मावेल एवढी, त्यातले मुरमाचे खडे, मुळं, काड्या काढून टाकायच्या, मग थेंब थेंब पाणी घालत मळायची. मोदकाची उकड आपण कशी मळतो, गुठळी राहता कामा नये आणि हाताला फार चिकटताही कामा नये, तशी. मग तो गोळा अंगठा आणि तर्जनीच्या मधे धरून अंगठ्याने हळूहळू वर ढकलायचा, म्हणजे तर्जनीवरून मातीची एक पट्टी बाहेर येत जाते, तिला फीत म्हणा रिबन म्हणा. ती स्वतःच्या वजनाने तुटेपर्यंत येऊ द्यायची आणि तुटलेला तुकडा मोजायचा. अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर लोमच्या घरातली, अडीच ते पाच मधे क्ले लोमच्या घरातली, पाचच्या वर गेली तर क्ले. हा सगळा क्रम कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीच्या स्टीव्ह थिएन यांनी १९७९ मधे विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी एका फ्लो चार्टमधे मांडला आणि आजही जगभर जवळपास तोच चार्ट वापरतात. आम्हाला कॉलेजात तो फळ्यावर काढून दिला होता, पण खरं शिकवलं ते लॅबमधल्या मामांनी. ते स्वतः दहावी नापास होते पण माती हातात घेतली की डोळे मिटायचे आणि नाव सांगायचे, आणि लॅबचा आकडा आला की तो बहुतेक वेळा त्यांच्या बाजूने असायचा.

आता गंमत बघा. फीत मोजून आपल्याला काय कळतं, तर क्ले किती आहे ते. आणि अमेरिकन वर्गीकरणात, जे आपण सगळे वापरतो, क्ले लोममधे क्ले असते २७ ते ४० टक्के आणि सिल्टी क्ले लोममधेही क्ले असते २७ ते ४० टक्केच. म्हणजे फीत दोघींची सारखीच निघणार. तुम्ही कितीही वेळा काढा, पट्टीने मोजा, फोटो काढा, फितीच्या लांबीवरून या दोघी वेगळ्या होणारच नाहीत, आणि मी वर्षानुवर्षं नेमकं तेच करत होतो, फीत जरा लांब आली की मनात सिल्टी म्हणायचो, का कोण जाणे, कदाचित सिल्टी शब्दच जरा गुळगुळीत आणि लांब वाटतो म्हणून.

फरक आहे तो वाळूत. वाळू वीस टक्क्यांच्या वर, पंचेचाळीसपर्यंत, असेल तर क्ले लोम. वीस किंवा त्याहून कमी असेल तर सिल्टी क्ले लोम. बाकी काही नाही, एवढी एकच रेघ. त्यामुळे खरा प्रश्न 'ही किती चिकट आहे' असा नाहीच, 'या चिकटपणाच्या आत लपलेली वाळू किती आहे' असा आहे.

आणि ती लपलेली असते हेच नीट लक्षात घ्यायला हवं. गोळा मळला की क्लेचा लेप प्रत्येक कणावर बसतो, जसा रव्याच्या लाडवात तुपाने रवा लपतो, जिभेला खरखर लागते पण हाताला तेवढी नाही लागत. म्हणून फितीनंतर चार्टमधे आणखी एक पायरी आहे जी घाईत सगळे गाळतात. गोळ्यातली एक चिमूट घ्यायची, तळहातावर ठेवायची, त्यावर भरपूर पाणी घालायचं, म्हणजे अगदी पातळ खीर होईल एवढं, आणि तर्जनीने गोल गोल चोळायचं. आता क्ले पाण्यात उतरते, तिचा चिकटपणा सुटतो, आणि मागे जे कण उरतात ते बोटाखाली उघडे पडतात. खूप खरखरीत लागलं तर सँडी क्ले लोम. अगदी गुळगुळीत लागलं तर सिल्टी क्ले लोम. दोन्हीपैकी काहीच वरचढ नाही, खरखर आहे पण मधूनच, आणि गुळगुळीतपणाही आहे, तर क्ले लोम. मामांची भाषा होती रवा आणि मैदा. रवा लागतोय का मैदा लागतोय का दोन्ही मिसळून लागतंय. आणि ते बजावायचे, तळहात कानाजवळ ने, वाळू असेल तर चोळताना ऐकू येते. खरंच येते, बारीक कर्र असा आवाज, बाल्कनीखालून बस जात नसेल तर. काही जुने लोक दातांमधे धरूनही बघतात, दाताला बारीक वाळूसुद्धा लगेच कळते, पण आमच्या खाडीच्या बाजूची माती मी दाताखाली धरणार नाही, तिथे काय काय येऊन मिळतं ते मी पाहिलेलं आहे.

आता ज्या सॅम्पलमुळे हे सगळं लिहितोय त्याच्याकडे येतो. कल्याणच्या पुढे उल्हास नदीच्या काठाला माझ्या एका मित्राच्या वडिलांची भाताची खाचरं आहेत. नदीला लागून खालची दोन, आणि मग जमीन जरा चढत जाते तिथे वरची तीन. काकांना भातानंतर वाल पेरायचा असतो, उरलेल्या ओलीवर, आणि त्यांची तक्रार अशी की खालच्या खाचरात पेरल्यावर जर एखादी अवकाळी सर आली तर वर अशी पपडी धरते की कोंब बाहेरच येत नाहीत, वाकून आतच कुजतात, आणि वरच्या खाचरात तीच सर पडूनही तसं होत नाही. 'माती तर सेमच आहे ना रे, एकाच बांधाच्या अलीकडे पलीकडे,' असं ते म्हणाले. दिसायला खरंच सेम होती, दोन्ही काळपट तपकिरी, दोन्हीची ढेकळं वाळल्यावर दगडासारखी. उल्हास नदी काय करते ते या भागातल्या लोकांना वेगळं सांगायला नको, २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे तिच्याच पाण्यात अडकली होती. पूर येतो, पसरतो, आणि पाणी संथ झालं की त्यातला सगळ्यात बारीक गाळ खाली बसतो. वाळू आधीच पात्रात आणि काठालगत उतरलेली असते. त्यामुळे खालच्या खाचरात सिल्ट जास्त असणार हा अंदाज न बघताही करता आला असता, पण अंदाज म्हणजे मोजमाप नाही.

बांधावर बसून मी खालच्या खाचराची माती मळली. पहिल्या मिनिटात ती खरखरीत लागली, चांगलीच, आणि इथे माझा हात पूर्वी बऱ्याचदा फसलेला आहे. कोरडी चिकण माती पाणी लगेच पीत नाही. तिचे बारीक बारीक गोळे तसेच राहतात आणि बोटाला ते वाळूसारखेच लागतात. ओळखायची खूण सोपी आहे पण वेळ मागते, मळत राहायचं. खरखर कमी कमी होत गेली आणि माती पुन्हा पुन्हा पाणी मागत राहिली तर ती वाळू नव्हती, न फुटलेली क्ले होती. वाळू काही मळून विरघळत नाही, ती पाचव्या मिनिटालाही तेवढीच लागते. येऊरच्या किंवा माथेरानच्या बाजूच्या लाल मातीत तर हे फारच होतं, तिथे लोहाच्या ऑक्साइडने कण एकमेकांना असे जोडलेले असतात की पाच मिनिटंही पुरत नाहीत, आणि नवशिका माणूस चाळीस टक्के क्लेच्या मातीला बिनधास्त सँडी लोम लिहून मोकळा होतो. मीही लिहिलंय. एकदा कर्जतच्या एका आंब्याच्या बागेसाठी लिहिलं होतं, त्यांनी त्यावरून ठिबकचे तास ठरवले आणि पुढे मुळाशी पाणी साचलं, मग मी परत जाऊन तीच माती दहा मिनिटं मळली आणि गप्प बसलो.

तर खालच्या खाचराची माती पाच मिनिटं मळल्यावर खरखर जवळजवळ गेली. फीत काढली, तीनदा, कारण एकदा काढलेल्या फितीवर विश्वास ठेवायचा नसतो, अंगठ्याचा जोर दर वेळी वेगळा पडतो. चार, साडेतीन, चार सेंटिमीटर. म्हणजे क्ले लोमचं घर नक्की. मग चिमूट, पाणी, चोळणं. मैदा. अगदी मैदा, फक्त तळाशी कुठेतरी अगदी थोडा, चिरोटी रव्याइतका बारीक कण मधून मधून. मी वहीत लिहिलं सिल्टी क्ले लोम. मग वरच्या खाचराची घेतली. मळायला तेवढाच वेळ, फीत पुन्हा चारच्या आसपास, काका म्हणाले बघ मी म्हटलं ना सेम आहे. मग त्यांच्याच तळहातावर पाणी घालून त्यांनाच चोळायला सांगितली. थोडा वेळ चोळली, मग दुसऱ्या हातावर खालची घेऊन चोळली, आणि काही न बोलता पुन्हा पहिली चोळली. 'हिच्यात रेती आहे.' वहीत क्ले लोम.

इथवर सगळं छान. मग रिपोर्ट आला.

लॅबने दोन्ही सॅम्पलना क्ले लोम म्हटलं होतं. खालच्या खाचराचे आकडे असे होते, भरड वाळू ४, बारीक वाळू २९, सिल्ट ३३, क्ले ३४. म्हणजे वाळू एकूण ३३ टक्के. वीसची रेघ कुठच्या कुठे मागे राहिली. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्यावर माणूस जे करतो ते मी केलं, लॅबला फोन लावला. जरा चढ्या आवाजात बोललो. म्हटलं तुमचं सॅम्पल बदललंय, ३३ टक्के वाळू माझ्या बोटांना न कळण्याइतका मी नवीन नाही. तिकडच्या मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'तुम्ही वाळू कुठपासून धरता?' मी म्हटलं कुठपासून म्हणजे? वाळू म्हणजे वाळू. त्या म्हणाल्या, 'आम्ही ०.०२ पासून धरतो.'

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ रिपोर्टकडे बघत बसलो, मग लाज वाटली, कारण ही गोष्ट मी परीक्षेत पाठ करून लिहिलेली होती.

काय आहे की कणांच्या आकाराच्या दोन पद्धती आहेत. अमेरिकन पद्धतीत वाळू २ मिलिमीटरपासून ०.०५ मिलिमीटरपर्यंत, सिल्ट ०.०५ ते ०.००२, त्याखाली क्ले. दुसरी आंतरराष्ट्रीय पद्धत, तिचं मूळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या स्वीडनच्या अटरबर्ग यांच्या मांडणीत आहे, २, ०.२, ०.०२, ०.००२ अशी सुबक दहाच्या पटीत उतरणारी. त्यात भरड वाळू २ ते ०.२, बारीक वाळू ०.२ ते ०.०२, सिल्ट ०.०२ ते ०.००२. आपल्याकडे जी इंटरनॅशनल पिपेट मेथड अनेक लॅबमधे वापरतात ती या दुसऱ्या पद्धतीची. रिपोर्टवर भरड वाळू आणि बारीक वाळू असे दोन वेगळे रकाने दिसले की बहुधा तीच असते, आणि ते दोन रकाने माझ्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षं होते.

क्लेची रेघ दोन्हीकडे एकच आहे, ०.००२, म्हणून ३४ टक्के क्ले दोन्हीकडे ३४ टक्केच. घोळ होतो तो ०.०२ आणि ०.०५ च्या मधल्या कणांचा. अमेरिकन हिशोबात ते सिल्ट, आंतरराष्ट्रीय हिशोबात ते बारीक वाळू. आणि पोताचा तो प्रसिद्ध त्रिकोण, ज्याच्यात क्ले लोम आणि सिल्टी क्ले लोमची घरं आखलेली आहेत आणि जी वीस टक्क्यांची रेघ मी वर सांगितली ती, तो त्रिकोण अमेरिकन. म्हणजे एका पद्धतीचे आकडे घेऊन दुसऱ्या पद्धतीच्या त्रिकोणात टाकले तर मधला सगळा गट वाळूच्या खात्यात जमा होतो आणि सिल्टी क्ले लोम आरामात क्ले लोम होऊन बसते. मॅडमचे आकडे बरोबर होते. खाली जे नाव छापलं होतं ते त्या आकड्यांचं नव्हतं.

आणि बोटं? डोक्याचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. ०.०५ च्या खालचा कण सुटा सुटा डोळ्याला दिसत नाही आणि बोटालाही वेगळा खडा म्हणून लागत नाही, तो पिठात जमा होतो. म्हणजे बोटांची रेघ अमेरिकन रेघेच्या बरीच जवळ आहे. मामांचा मैदा कुठे सुरू होतो तर तिथेच. त्यामुळे ०.०२ ते ०.०५ चे कण माझ्या बोटांनी मैद्यात टाकले आणि लॅबच्या पिपेटने वाळूत, दोघांनीही आपापल्या नियमाने बरोबर केलं.

पण हे नुसतं म्हणून भागणार नव्हतं, मधल्या गटात नेमकं किती आहे ते बघायला हवं होतं. त्यासाठी ५३ मायक्रॉनची चाळण लागते, म्हणजे जवळजवळ ०.०५ मिलिमीटर. सिव्हिलवाल्यांकडे ७५ मायक्रॉनची सहज मिळते, मला पहिल्यांदा तीच मिळत होती, पण तिच्यातून ०.०५ ते ०.०७५ ची अतिबारीक वाळू खाली निघून जाते आणि वाळू कमी मोजली जाते, म्हणजे उलट दिशेची चूक. नेमक्या रेघेजवळच्या मातीला ती परवडत नाही. शेवटी एका ओळखीच्या मटेरियल टेस्टिंगवाल्याकडून ५३ ची दोन दिवसांसाठी आणली.

हवेत वाळलेली माती कुटून, २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढून, ५३ ग्रॅम घेतली. त्याच मातीचा दुसरा भाग ओव्हनमधे १०५ अंशाला वाळवून ओलावा आधीच काढलेला होता, तो वजा केला की कोरडी माती बरोबर ५० ग्रॅम. त्यात कॅल्गनचं, म्हणजे सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटचं, ५ टक्क्यांचं द्रावण १०० मिलिलिटर घालून रात्रभर ठेवली. हे घालायचं कारण तेच, क्लेचे गोळे फुटावेत, हाताने मळून आपण जे अर्धवट करतो ते इथे रसायन पूर्ण करतं. सकाळी बाटलीत आणखी पाणी घालून हलवत बसलो, बातम्या संपेपर्यंत, मग चाळणीवर ओतून हलक्या धारेखाली धूत राहिलो जोवर खालचं पाणी स्वच्छ येत नाही. घाई केली की इथेच फसतं, पाणी अजून गढूळ असताना थांबलं तर वर सिल्ट राहतं आणि वाळू जास्त भरते. साधारण वीस मिनिटं लागली, बाथरूमबाहेर रांग लागली होती.

चाळणीवर जे उरलं ते वाळवून वजन केलं, ८.२ ग्रॅम. पन्नासात ८.२ म्हणजे १६.४ टक्के वाळू. रिपोर्टमधली ३३ वजा १६.४ म्हणजे १६.६ टक्के कण हे त्या मधल्या पट्ट्यातले, ते सिल्टकडे गेले की ३३ अधिक १६.६ म्हणजे सिल्ट ४९.६. क्ले ३४ तशीच. वाळू वीसच्या खाली, सिल्टी क्ले लोम. मग वरच्या खाचराचं केलं, चाळणीवर १३.५ ग्रॅम, म्हणजे २७ टक्के, क्ले लोम. हे दोन ढीग मी दोन बशांत शेजारी ठेवले होते, खालच्या खाचराचा बारीक, राखेसारखा, आणि वरच्याचा डोळ्याला कण दिसतील असा, मधे काळे चमकते दाणे. फ्रिजवरचा मॅग्नेट त्याच्यावरून फिरवला तर काळे दाणे उभे राहून चिकटले, मॅग्नेटाइट, आपल्या बेसॉल्टचं. पोरगी अर्धा तास तेच करत बसली.

म्हणजे बोटं जिंकली असं मी कुणाला सांगितलं नाही, कारण ती नशिबानेही जिंकली. एक वाळू १६ होती आणि एक २७. जर एक १८ आणि दुसरी २२ असती तर मला तरी काहीही कळलं नसतं आणि ज्याला कळतं असं तो म्हणतो त्यालाही मी चारदा डोळे बांधून तपासलं असतं. रेघेच्या दोन्ही बाजूला काही टक्के हा पट्टा बोटांच्या आवाक्याबाहेरचा आहे, तिथे वहीत 'रेघेवर' असं लिहिलेलं बरं. शिवाय शेणखत भरपूर घातलेल्या मातीत कुजलेला सेंद्रिय भाग तळहातावर लोण्यासारखा लागतो आणि क्ले लोमही सिल्टी वाटायला लागते, म्हणून सोसायटीच्या बागेतल्या मातीचं मी खालच्या थरातलं सॅम्पल चोळतो. आणि वाळू जर सगळी अतिबारीक असेल, चिरोटी रव्याच्या जातीची, तर ती पंचवीस टक्के असूनही बोटाला दहा वाटते. कान तेव्हा बोटापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

फितीचंही तसंच, फुगणाऱ्या काळ्या मातीची फीत तिच्या क्लेच्या टक्क्यांना शोभते त्याहून लांब निघते आणि लाल मातीची आखूड, म्हणून अडीच आणि पाचचे आकडे दगडावरची रेघ समजू नयेत. आपल्या भागातल्या, लॅबमधे मोजलेल्या चार-पाच माती घरात ठेवाव्यात आणि नवीन सॅम्पलच्या आधी त्या एकदा चोळून घ्याव्यात. बाल्कनीतल्या सतरा पिशव्या त्यासाठी आहेत. प्रत्येकीवर मार्करने वाळू, सिल्ट, क्ले आणि कंसात कुठली पद्धत ते लिहिलंय, पूर्वी हे शेवटचं लिहीत नव्हतो.

मॅडमना परत फोन केला, माफी मागितली. त्या म्हणाल्या असे फोन पावसाळ्यानंतर येतातच. मी विचारलं मग रिपोर्टवर नावाच्या शेजारी पद्धत का छापत नाही, तर म्हणाल्या फॉरमॅट जुना आहे. हे मला पटलं नाही, एक ओळ छापायला काय लागतं, पण त्या दिवशी माझी वाद घालायची पाळी नव्हती.

काकांना मी नावं वगैरे सांगितली नाहीत. एवढंच सांगितलं की खालच्या खाचरात गाळ जास्त आहे आणि वाळू कमी, त्यामुळे सरीचा थेंब पडला की वरचे कण सुटे होऊन फटी बुजवतात आणि वाळताना त्याची पपडी होते, वरच्यात रेतीमुळे ते एवढं जुळून येत नाही. मग आम्ही ठरवलं की भाताचा पेंढा थोडा तिथेच पसरून ठेवायचा म्हणजे थेंब सरळ मातीवर आपटणार नाही, आणि खालचं खाचर ओलं असताना त्यात पॉवर टिलर घालायचा नाही, ती माती ओली दाबली गेली की लवकर सुटत नाही. एक गोष्ट खालच्या खाचराच्या बाजूचीही आहे, पिकाला घेता येईल अशी ओल ती जास्त दिवस धरते, त्यामुळे वाल उगवलाच तर तिथला वरच्यापेक्षा उशिरा सुकतो. 'ते आहेच,' काका म्हणाले, 'खालचा वाल होळीपर्यंत हिरवा असतो, पण उगवला तर ना.'

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. पलीकडच्या शेतावाल्याने विचारलंय, त्याची कुठली आहे. काकांनी त्याला स्वतःच बांधावर बसवून चोळायला लावली म्हणे, आणि आता दोघांचं जमत नाहीये, एक म्हणतो रेती आहे, दुसरा म्हणतो नाही. मी विचारलं किती वेळ मळली? पलीकडे जरा शांतता. मग काका म्हणाले, 'एक मिनिट थांब,' आणि लांबून ऐकू आलं, 'पाणी घाल रे अजून.'